पाच कर्मचाऱ्यांची कनेक्शने आणि एकच बिल: मोबाइल कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा तपासून हवा आहे

दुकानाची_वही

नमस्कार. माझे विजेच्या सामानाचे छोटे दुकान आहे. दोघे गल्ल्यावर असतात, दोघे माल पोहोचवतात आणि एकजण खरेदी व उधारी पाहतो. सध्या दुकानाचे दोन पोस्टपेड क्रमांक आहेत, पण त्यांची बिले वेगवेगळी येतात: एकाचे महिन्याच्या ४ तारखेला, दुसऱ्याचे १७ तारखेला. उरलेले तिघे स्वतःचे फोन वापरतात आणि त्यांचा खर्च मी पगाराबरोबर अंदाजाने देतो. ह्या अंदाजावरून दर महिन्याला कुरबुर होते. म्हणून पाचही जणांना दुकानाचे कनेक्शन द्यावे आणि सगळ्यांचे मिळून एकच बिल यावे, असे ठरवले आहे. कंपनीला देण्यासाठी पुढील पत्र लिहिले आहे. काही राहिले असल्यास सांगावे.

*महोदय, मी आपला जुना ग्राहक असून माझ्या नावावर आपली दोन पोस्टपेड कनेक्शने आहेत. माझ्या दुकानातील कर्मचाऱ्यांसाठी मला आणखी तीन कनेक्शने हवी आहेत. ही पाचही कनेक्शने माझ्या नावावर ठेवून त्यांचे एकत्रित बिल पाठवावे आणि शक्य ती सवलत द्यावी, ही विनंती. आपला विश्वासू.*

सरळमार्ग

पत्राची गरजच नाही. कंपनीच्या दालनात जाऊन फॅमिली प्लॅन घ्यावा. एक मुख्य क्रमांक, त्याखाली चार जोडक्रमांक, डेटा सगळ्यांत वाटला जातो आणि बिल मुख्य क्रमांकावर एकच येते. माझ्या घरी अशीच व्यवस्था आहे आणि आजवर काही अडचण आलेली नाही.

जमाखर्च

सरळमार्ग, घरासाठी तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि बिल एक येते हेही खरे. पण ते बिल व्यक्तीच्या नावाने येते. त्यावर दुकानाचे नाव आणि करनोंदणीचा क्रमांक छापला जात नाही. मी दुकानांचे हिशेब लिहितो, म्हणून सांगतो: असा खर्च व्यवसायाच्या वहीत दाखवताना प्रत्येक वेळी स्पष्टीकरण द्यावे लागते आणि बिलावरच्या कराची वजावट मागायची असेल तर बहुधा तेवढ्यावरच अडते. शिवाय नोंदणीत दुकानाचे नाव 'ट्रेडर्स' असेल आणि बिलावर 'ट्रेडिंग' छापले गेले, तर तेवढ्या फरकावरूनही कागद परत येतात. म्हणून पत्रात दुकानाचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसे, अक्षरशः, लिहावे आणि प्रत जोडावी.

तारयंत्र

दुकानात छोटे एक्सचेंज बसवून पाच एक्स्टेन्शने घेतली तर बाहेरची लाइन एकच लागते आणि बिलही आपोआप एकच येते. ह्याचा विचार केला आहे का?

दुकानाची_वही

तारयंत्र, माल पोहोचवणारे दोघे दिवसभर रस्त्यावर असतात. त्यांच्या हातात मोबाइलच हवा. एक्स्टेन्शन त्यांच्या उपयोगाचे नाही.

पूर्वीचा_बिलिंगवाला

मी बरीच वर्षे एका मोबाइल कंपनीच्या बिलिंग विभागात होतो. तुमच्या पत्रातली मुख्य अडचण एका शब्दात आहे. तुम्ही 'माझ्या नावावर' लिहिले आहे. तिथे 'एका खात्यावर' हवे.

कंपनीच्या प्रणालीत ग्राहक, खाते आणि क्रमांक अशा तीन पायऱ्या असतात. ग्राहक म्हणजे तुम्ही किंवा तुमचे दुकान. ग्राहकाखाली खाते, आणि खात्याखाली क्रमांक. बिल निघते ते खात्याचे. आज तुमचे दोन्ही क्रमांक तुमच्याच नावावर आहेत आणि तरी बिले दोन येतात, कारण त्यांची खाती दोन आहेत. तुमचे पत्र वाचून दालनातला माणूस तुमच्या नावावर आणखी तीन कनेक्शने देईल. प्रत्येकाला नवे खाते उघडले जाईल आणि पुढच्या महिन्यापासून पाच बिले पाच तारखांना येऊ लागतील. त्याची चूक म्हणता येणार नाही. तुम्ही मागितले तेच त्याने दिले.

म्हणून पत्रात असे हवे: दुकानाच्या नावे एकच व्यावसायिक खाते उघडावे, पाचही क्रमांक त्या खात्याखाली घ्यावेत, बिलाचे चक्र एक असावे, भरण्याची अंतिम तारीख एक असावी आणि बिलात प्रत्येक क्रमांकाचा आकार वेगळा दाखवावा. शेवटची गोष्ट स्वतंत्रपणे मागावी लागते. ती मागितली नाही तर काही ठिकाणी नुसती एकूण रक्कम छापून येते आणि तुमची कुरबुर होती तिथेच राहते.

आणखी एक. एकत्रित बिल म्हणजे वाटून घेतलेला डेटा नव्हे. पाच वेगवेगळे प्लॅन एका बिलात येऊ शकतात आणि तुमच्या दुकानाला तेच सोयीचे आहे, कारण गल्ल्यावरच्या माणसाला डेटा फारसा लागत नाही आणि माल पोहोचवणाऱ्याला नकाशा दिवसभर चालू ठेवावा लागतो. वाटून घेतलेल्या डेटात एकाने २० तारखेपर्यंत सगळा साठा संपवला की उरलेले चौघे महिनाअखेरपर्यंत खोळंबतात.

दुकानाची_वही

हे फार उपयोगाचे आहे. जुने दोन क्रमांक नव्या खात्याखाली नेताना ते बंद पडतील का? दुकानाच्या पाटीवर तेच क्रमांक रंगवलेले आहेत.

पूर्वीचा_बिलिंगवाला

क्रमांक तेच राहतात. एकाच कंपनीत खाते बदलताना सेवा सहसा खंडित होत नाही. मात्र तुमच्या वैयक्तिक नावावरून ते दुकानाच्या नावावर जाणार असल्याने मालकी बदलाचा अर्ज आणि ओळखपत्रांची नवी तपासणी करावी लागेल. मालक तुम्हीच असलात तरी हे चुकत नाही. त्याआधी जुन्या दोन्ही खात्यांवरची थकबाकी शून्य हवी, नाहीतर अर्ज तिथेच अडकून पडतो आणि तुम्हाला कोणी कळवतही नाही.

माणसे गोंधळतात ती पहिल्या बिलाला. ते आधी समजून घ्या. समजा महिना ३० दिवसांचा आहे, नव्या खात्याचे चक्र १ तारखेला सुरू होते आणि प्लॅनचे मासिक भाडे आगाऊ आकारले जाते. जुने दोन क्रमांक १२ तारखेला खात्यात आले आणि नवी तीन सिमे १९ तारखेला सुरू झाली. सोयीसाठी पाचही भाडी सारखी धरू. पुढच्या १ तारखेला बिल निघेल त्यात दोन क्रमांकांचे १९-१९ दिवस आणि तीन क्रमांकांचे १२-१२ दिवस येतील. म्हणजे ३८ आणि ३६ मिळून ७४ दिवसांचे भाडे, साधारण अडीच महिन्यांएवढे. त्याशिवाय येत्या महिन्याचे पाच क्रमांकांचे आगाऊ भाडे. एकूण जवळजवळ साडेसात भाडी. दुकानदार पाच भाड्यांची तयारी ठेवून बसलेला असतो, त्यामुळे तो दालनात येऊन भांडतो. हे बिल बरोबर असते. दुसऱ्या महिन्यापासून पाचच भाडी येतात.

चूक ओळखायची असेल तर सुरू झाल्याची तारीख पाहावी. पाचही क्रमांकांवर १२ तारीख लागली असेल तर ७४ ऐवजी ९५ दिवस आकारले जातील, म्हणजे २१ दिवस जास्त. सिम हातात पडल्याचा दिवस, अर्जाचा दिवस आणि सेवा सुरू झाल्याचा दिवस हे तीन वेगळे असतात. भाडे शेवटच्या दिवसापासून लागायला हवे. पाचही सिमे सुरू झाल्याचा संदेश ज्या दिवशी आला ती तारीख लिहून ठेवा.

जमाखर्च

ह्यात एक भर. जुन्या खात्यांतही भाडे आगाऊ भरलेले असणार. ४ तारखेच्या चक्राचा क्रमांक १२ तारखेला हलवला, तर त्यातले ८ दिवस वापरले गेले आणि २२ दिवस शिल्लक राहिले. १७ तारखेच्या चक्राचा क्रमांक त्याच दिवशी हलवला, तर १२ ते १६ असे ५ दिवस शिल्लक. दोन्ही मिळून २७ दिवसांचे भाडे कंपनीकडे तुमचे जमा आहे. एका दुकानाच्या वहीत ही रक्कम मला दोन वर्षांनी सापडली. खाते बंद झालेले आणि रक्कम त्यातच पडून. अनामत भरली असेल तर तिचेही तसेच होते.

पूर्वीचा_बिलिंगवाला

अगदी बरोबर. बंद खात्यावरची जमा रक्कम नव्या खात्यात आपोआप जात नाही, ती हाताने वळवावी लागते. पत्रात एक वाक्य त्यासाठी असावे.

पाटीपेन्सिल

मी लेखनसाहित्याचे दुकान चालवते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण इथे सांगणे योग्य वाटते. माझ्याकडे एक मुलगा सहा वर्षे होता. शाळांच्या सगळ्या ऑर्डर त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर येत आणि त्याचे बिल मी भरत असे. तो सोडून गेला आणि क्रमांक त्याच्याबरोबर गेला. शाळा त्यालाच फोन करत राहिल्या आणि तो आता दुसऱ्या दुकानात आहे. त्याला दोष देता येत नाही, कारण क्रमांक त्याचाच होता. त्यामुळे तुमच्या तिघांना नवीन क्रमांक देत आहात हे ठीक, पण गिऱ्हाइकांना ते क्रमांक कळेपर्यंत काय करणार?

सरळमार्ग

मग त्या तिघांचे चालू क्रमांकच दुकानाच्या खात्यात घ्यावेत. गिऱ्हाइके तुटणार नाहीत आणि माणूस गेला तरी क्रमांक दुकानातच राहील.

पूर्वीचा_बिलिंगवाला

तांत्रिकदृष्ट्या हे जमते. क्रमांक दुसऱ्या कंपनीचा असेल तर आधी पोर्ट करावा लागतो आणि कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते. पण मी हा सल्ला देणार नाही. माणसाचे बँकेचे संदेश, पासवर्ड बदलण्याचे ओटीपी, घरच्यांची ओळख, सगळे त्या क्रमांकाला जोडलेले असते. नोकरी सुटली त्या दिवशी तुम्ही तो क्रमांक काढून घेतला तर त्याचे व्यवहार अडतात आणि तोच क्रमांक तुम्ही नव्या माणसाला दिला तर पहिल्याचे ओटीपी दुसऱ्याच्या हातात पडतात. असे वाद मी पाहिले आहेत, आणि त्यांत कंपनी हात झटकते.

पाटीपेन्सिल

हे मला सुचले नव्हते. तरीही सहा वर्षांची गिऱ्हाइके गेली ती गेलीच. नवा क्रमांक दिल्यावर जुन्यावरचे फोन काही महिने वळवून घेण्याची अट नोकरीच्या वेळीच घालता येईल, पण ती पाळायला लावणार कशी, हे मला कळत नाही.

दुकानाची_वही

मी तिघांशी बोललो. त्यांना स्वतःचे क्रमांक द्यायचे नाहीत आणि मलाही ते योग्य वाटते. नवीन क्रमांकच घेऊ. आता एक शंका. पाच जणांपैकी एकाने अवाच्या सवा वापर केला तर?

पूर्वीचा_बिलिंगवाला

एकत्रित खात्याचा खरा धोका इथे आहे. क्रेडिट लिमिट बहुधा खात्याला असते, क्रमांकाला नसते. एका क्रमांकावर परदेशी फोन झाले किंवा सशुल्क सेवा चालू झाल्या आणि खात्याची मर्यादा ओलांडली, तर बाहेर जाणारे फोन पाचही क्रमांकांचे बंद होतात. चूक एकाची, खोळंबा सगळ्या दुकानाचा. वेगळी पाच बिले असताना हे होत नसते. हे एकत्रीकरणाचे नुकसान आहे आणि विक्री करणारा माणूस ते सांगत नाही.

उपाय दोन आहेत. प्रत्येक क्रमांकाला स्वतःची खर्चमर्यादा मागा. ती ओलांडली की फक्त तोच क्रमांक थांबावा. आणि आंतरराष्ट्रीय फोन, परदेशी रोमिंग आणि सशुल्क संदेशसेवा पाचही क्रमांकांवर पहिल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगा. लागेल तेव्हा तुमच्या लेखी मागणीवरच त्या सुरू व्हाव्यात, कर्मचाऱ्याच्या फोनवरून नव्हे. पहिला उपाय प्रत्येक कंपनीला जमेलच असे नाही. दुसरा जवळपास सगळीकडे जमतो.

वादग्रस्त रकमेचेही तसेच. एका क्रमांकाच्या आकाराबद्दल तक्रार केली आणि तेवढी रक्कम वगळून बाकीचे बिल भरले, तर प्रणालीला फक्त खाते थकीत दिसते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम बाजूला ठेवावी आणि उरलेल्या क्रमांकांची सेवा थांबवू नये, असे आधीच लिहून घ्यावे.

जमाखर्च

एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. क्रमांकवार आकार हवा, पण प्रत्येक फोनची यादी मालकाने मागवावी का? कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत घरी बोलतो, डॉक्टरांना फोन करतो. ती यादी दर महिन्याला दुकानात उघडी पडून राहणे मला बरे वाटत नाही.

सरळमार्ग

पैसे मालक भरतो, फोन दुकानाचा आहे. यादी पाहिली तर बिघडले काय?

पूर्वीचा_बिलिंगवाला

माझ्या मते क्रमांकवार सारांश पुरेसा आहे. भाडे, जादा वापर, कर आणि एकूण अशी प्रत्येकाची एक ओळ. पूर्ण यादी एखाद्या क्रमांकावर तंटा झाला तरच मागवावी. अर्थात हे माझे मत झाले, नियम नव्हे.

दुकानाची_वही

सगळ्यांच्या सूचना धरून पत्र पुन्हा लिहिले आहे.

*प्रति,*
*व्यवस्थापक, व्यावसायिक ग्राहक विभाग*

*विषय: कर्मचाऱ्यांची पाच पोस्टपेड कनेक्शने एका व्यावसायिक खात्याखाली घेऊन एकत्रित बिल देण्याबाबत.*

*महोदय,*

*सोबत जोडलेल्या नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद केलेल्या नावाने माझे दुकान असून मी त्याचा एकमेव मालक आहे. माझ्या वैयक्तिक नावावर आपली दोन पोस्टपेड कनेक्शने दोन वेगळ्या खात्यांखाली चालू आहेत. त्यांवर आज कोणतीही थकबाकी नाही; शेवटच्या भरण्याच्या पावत्या जोडल्या आहेत.*

*दुकानाच्या नावाने एकच व्यावसायिक खाते उघडून ही दोन कनेक्शने, क्रमांक न बदलता, त्या खात्याखाली घ्यावीत आणि त्याच खात्याखाली तीन नवी कनेक्शने द्यावीत. पाचही क्रमांकांचे बिलाचे चक्र आणि भरण्याची अंतिम तारीख एकच असावी. बिलावर दुकानाचे नाव आणि करनोंदणीचा क्रमांक प्रमाणपत्राप्रमाणे छापावा आणि प्रत्येक क्रमांकाचे भाडे, जादा वापर व कर वेगळे दाखवावेत. कोणता क्रमांक कोणता कर्मचारी वापरणार आणि त्याला कोणता प्लॅन हवा, याचा तक्ता सोबत आहे. ओळख पडताळणीसाठी पाचही जण आपण सांगाल त्या दिवशी उपस्थित राहतील.*

*जुन्या दोन खात्यांवरील आगाऊ भाड्याची शिल्लक आणि अनामत रक्कम नव्या खात्यात जमा करावी. नव्या क्रमांकांचे भाडे प्रत्यक्ष सेवा सुरू झाल्याच्या दिवसापासून आकारावे.*

*प्रत्येक क्रमांकास स्वतंत्र खर्चमर्यादा लावावी, जेणेकरून एका क्रमांकाच्या वापरामुळे इतरांची सेवा थांबणार नाही. आंतरराष्ट्रीय फोन, परदेशी रोमिंग आणि सशुल्क सेवा पाचही क्रमांकांवर बंद ठेवाव्यात. खात्यात कोणताही बदल फक्त माझ्या सहीच्या अर्जावरून करावा. एखाद्या आकाराबद्दल लेखी तक्रार केल्यास निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम थकबाकी धरू नये.*

*वरीलपैकी जी बाब आपल्या नियमांत बसत नसेल ती कोणती, हे लेखी कळवावे, म्हणजे अर्ज भरण्यापूर्वी मला निर्णय घेता येईल.*

*आपला विश्वासू,*
*(सही व शिक्का)*

जमाखर्च

शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नका.

पूर्वीचा_बिलिंगवाला

पत्र चांगले झाले आहे. एक गोष्ट मीही विसरलो होतो. प्लॅनला ठरावीक महिन्यांचे बंधन असेल तर ते प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र लागते. उद्या सहावा माणूस घेतलात तर त्याचे बंधन इतरांच्या नंतर संपेल आणि कंपनी बदलायची झाल्यास त्या एका क्रमांकासाठी थांबावे किंवा दंड भरावा लागेल. सगळ्या क्रमांकांचे बंधन एकाच तारखेला संपेल का, हे विचारून घ्या.

दुकानाची_वही

ते वाक्य घालून पत्र दिले होते. आज उत्तर आले. एक खाते, एक तारीख, क्रमांकवार सारांश, सेवा बंद ठेवणे आणि शिल्लक वळवणे मान्य आहे. क्रमांकवार खर्चमर्यादा 'सध्या उपलब्ध नाही' असे लिहिले आहे. बंधनाबद्दल उत्तरात काहीच नाही. पुन्हा विचारले आहे.

पूर्वीचा_बिलिंगवाला

मर्यादा मिळत नसेल तर खात्याच्या मर्यादेच्या निम्म्यावर आणि ८० टक्क्यांवर तुमच्या स्वतःच्या क्रमांकावर इशाऱ्याचा संदेश येईल का, ते विचारा. ते बऱ्याच ठिकाणी जमते. बंधनाचे उत्तर मात्र लेखी आल्याशिवाय अर्जावर सही करू नका.

पाटीपेन्सिल

हे पत्र मी माझ्या दुकानासाठी वापरू का? माझ्याकडे तीनच माणसे आहेत. एवढ्यासाठी व्यावसायिक खाते देतात का?

दुकानाची_वही

ताई, पत्र जरूर वापरा. तिघांसाठी देतात का, हे मलाही माहीत नाही. उद्या बंधनाच्या उत्तरासाठी जाणार आहे, तेव्हा विचारून इथे लिहितो.